प्लेस्कूलचं नाव कसं ठेवायचं: एकाच छोट्या शब्दात खेळही आणि निर्धास्तपणाही

नागपुरात मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर, त्रिमूर्तीनगर या बाजूला एक चक्कर मारा, प्लेस्कूलच्या पाट्या दिसतील आणि त्यातली बरीच नावं लिटल काहीतरी, किड्स काहीतरी, टायनी काहीतरी अशी असतील, वाचून पुढे गेलं की कुठलं कुठल्या गल्लीत होतं ते आठवत नाही. दीड-दोन वर्षांचं लेकरू पहिल्यांदा घराबाहेर ठेवायला निघालेल्या आईला हे नाव काही सांगतच नाही. तिला हवं असतं एवढंच, की इथे माझं पोर खेळेल आणि इथे त्याच्यावर कोणाचं तरी लक्ष असेल. या दोन गोष्टी एका शब्दात बसतात, मराठीत तर छानच बसतात, पण त्यासाठी शब्द शोधायची एक पद्धत लागते. ती मी इथे पूर्ण सांगते, आणि सोबत बेसा रोडच्या एका ताईंच्या प्लेस्कूलचं नाव कसं ठरत गेलं तेही सांगते, म्हणजे नुसते नियम वाटणार नाहीत.

ताईंची जागा अशी: तळमजल्याचं घर, पुढे थोडं अंगण, अंगणात कडुनिंब, आणि घराच्या दाराबाहेर लांबट पडवीसारखी जागा, वर स्लॅब, पुढे कमरेएवढं ग्रिल. मुलं दीड ते साडेतीन वर्षांची. पालक बहुतेक आजूबाजूच्या फ्लॅट स्कीममधले, अर्धे घरात मराठी बोलणारे, अर्धे हिंदी, आणि मराठीवालेही रस्त्यावर निघाले की हिंदीच बोलतात, नागपूरच आहे ते. हे सगळं आधी कागदावर लिहून काढायचं कारण नाव हवेतून येत नाही, या जागेतून आणि या लोकांतून येतं.

आधी भीती नेमकी कोणती ते लिहा

पाच वर्षांच्या मुलाच्या आईची काळजी वेगळी, दीड वर्षाच्या मुलाच्या आईची वेगळी. मोठ्या मुलाचे पालक विचारतात शिकवता काय. लहानग्याचे पालक विचारतात गेट बंद असतं ना, रडला तर कोण घेतं, शू झाली तर कोण बदलतं, पडला तर फोन करता का. चौकशीला येणाऱ्या पालकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायला मी ताईंना सांगितलं होतं, आणि त्यात सगळ्यात जास्त काय होतं तर "नजरेसमोर" हा शब्द, "नजरेसमोर असतात ना हो मुलं?", "आँख के सामने रहते ना?" कुलूप, कॅमेरा, गार्ड हे नंतर येतं. म्हणजे या वयात सुरक्षित म्हणजे बंदिस्त असं नाहीच, सुरक्षित म्हणजे कोणीतरी मोठं माणूस जवळ बसलेलं आहे आणि बघतंय. नाव शोधताना हीच गोष्ट शोधायची आहे.

म्हणूनच सुरक्षा, रक्षा, कवच, किल्ला, पहारा असले शब्द यादीत घेऊच नका. हे शब्द अर्थानं बरोबर आहेत पण ते धोक्याची आठवण करून देतात, कवच म्हटलं की वार आलाच, किल्ला म्हटलं की वेढा आला. पाटी वाचून आईच्या मनात पहिल्यांदा धोका यावा असं कोणाला वाटेल? तसंच उलट्या बाजूनं धमाल, मस्ती, धिंगाणा, हुल्लड हे शब्द खेळ सांगतात पण लहानग्याच्या आईला त्यात ढकलाढकली ऐकू येते.

मधला रस्ता जुनाच आहे. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञानं १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली तेव्हा तिचं नाव भलंमोठं होतं, त्यात संगोपन, खेळ, उद्योग सगळं एकेक करून लिहिलेलं होतं. १८४० मध्ये त्यानं ते सोडून किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग असा एकच शब्द घेतला आणि तो जगभर गेला. बागेला कुंपण असतं, माळी असतो, आणि आत मोकळं असतं, त्यामुळे वेगळं काही सांगावं लागत नाही. आपल्याकडे बालवाडीतली वाडी, आणि १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून गावोगावी पोचलेल्या अंगणवाडीतलं अंगण, हेही त्याच जातीचे शब्द आहेत. म्हणजे गुण सांगणारा शब्द नको, जागा सांगणारा शब्द हवा, अशी जागा जिला कड आहे आणि जिथे पोरं आपोआप खेळतात.

शब्द गोळा करायचे

वहीची तीन पानं घ्या. पहिल्या पानावर घराच्या आणि घराभोवतीच्या जागा लिहा: अंगण, ओसरी, पडवी, ओटा, परस, माजघर, पार, बाग, खोपा, घरटं. दुसऱ्यावर लेकराला धरून ठेवणाऱ्या गोष्टी: मांडी, कुशी, पदर, ऊब, झोळी, पाळणा, सावली, गोधडी. तिसऱ्यावर खेळ: झोका, झुला, भातुकली, भिंगरी, लपंडाव, बाहुली, बोळकी. लिहिताना निवडत बसू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्याकडे शब्द जास्त असतात. ताईंच्या सासूबाईंनी एकटीनं अर्धं पान भरलं.

मग एका पानावरचा कोणता शब्द दुसऱ्या पानावरही जाऊ शकतो ते बघायचं. इथे दोन शब्द असे निघाले की मला वाटलं झालं काम. पहिला भोज्या. लपाछपीत ज्याला हात लावला की आपण सुटतो तो भोज्या, म्हणजे खेळाच्या आतली सुरक्षित जागा, अर्थानं याच्याएवढा नेमका शब्द मराठीत दुसरा नसेल. पण ताईंच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तो शब्द समजावून सांगावा लागला, जोडाक्षर आहे, आणि इंग्रजी अक्षरांत Bhojya लिहिलं की हिंदीवाल्याला भोज्य म्हणजे जेवण वाटतं, टिफिन सर्व्हिस असल्यासारखं. दुसरा लिंबूटिंबू. गल्लीतल्या खेळात सगळ्यात लहान पोराला लिंबूटिंबू म्हणून घेतात, तो खेळतो पण त्याच्यावर राज्य येत नाही. किती प्रेमाचा नियम आहे हा! पण मोठ्यांच्या बोलण्यात लिंबूटिंबू म्हणजे ज्याला कोणी मोजत नाही तो, आणि फी भरणारा बाप तोच अर्थ घेईल. जो शब्द समजावून सांगावा लागतो तो पाटीवर चालत नाही कारण पाटीजवळ समजावायला आपण उभे नसतो, हे इथे पक्कं लक्षात ठेवा, कितीही जीव लागला तरी सोडून द्यायचा.

हिंदी कानाची परीक्षा

पुण्यात एखादवेळी ही परीक्षा टाळली तरी चालून जाईल, नागपुरात अजिबात नाही. इथे तुमच्या मराठी शब्दाला हिंदी कान पहिल्या दिवसापासून ऐकणार आहे, आणि काही गोड मराठी शब्द हिंदीत भलतेच निघतात. ऊब बघा, मराठीत आईच्या कुशीतली ऊब, हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. शाळेचं नाव कंटाळा! मांडी हा माझा फार आवडता शब्द होता, लेकराची पहिली जागा, पण Mandi लिहिलं की मंडी म्हणजे बाजार. सावलीचं तर फार वाईट वाटलं, नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा सावली म्हणजेच सुरक्षित जागा आणि वर ऊन-सावलीचा खेळही आहे, दोन्ही गोष्टी एका शब्दात. पण हिंदीत सांवली म्हणजे रंगानं सावळी मुलगी, आणि गोऱ्या-काळ्याच्या बोलण्यात आधीच अडकलेल्या आपल्या समाजात दोन वर्षांच्या पोरींच्या शाळेवर हा शब्द कोणी कसा वाचेल सांगता येत नाही. बाग सोपा आणि लहान, पण इंग्रजीत Bag लिहिलं तर पिशवी आणि Bagh लिहिलं तर वाघ, त्यात नागपूर म्हणजे व्याघ्रप्रकल्पांचं दार, लोक वाघच वाचणार.

आणि सगळ्यात मोठा मोह तान्हा या शब्दाचा. तान्हा पोळा म्हणजे नागपूरच्या पोरांचा स्वतःचा सण, लाकडी बैल सजवून गल्लीत मिरवायचे, त्यामुळे तान्हा म्हटलं की इथल्या माणसाला लहान मूल आणि खेळ दोन्ही एकदम दिसतं. पण Tanha टाइप करून बघा, हिंदी-उर्दूत तनहा म्हणजे एकटा. घर सोडून पहिल्यांदा आलेल्या लेकराच्या शाळेवर एकटा! याच्यापेक्षा उलटा अर्थ शोधूनही सापडणार नाही.

ही परीक्षा करायची कशी, तर शब्द कागदावर दाखवायचा नाही, फोनवर फक्त बोलायचा, आणि समोरच्या हिंदी बोलणाऱ्या माणसाला विचारायचं की क्या समझ में आया. त्यानंतर त्याच माणसाला तो इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगायचं. ऐकताना एक अडचण कळते, लिहिताना दुसरी. स्थानिक गोष्टींचीही गाळणी लावा: वाडी घेतलं की अमरावती रोडवरची वाडी आठवते, ओटा हा शब्द OTA असा मोठ्या अक्षरांत लिहिला की कामठीची एनसीसीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, ओटी म्हटलं की दवाखान्यातली ओटी. शिवाय ओट्याला कठडा नसतो, चालायला शिकणाऱ्या पोराच्या आईला ओटा म्हटलं की तिथून पडणारं पोर दिसतं, हिंदी कानात पास झाला तरी तिथे नापास.

नावाला विभक्ती लावून बघा

ही परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कोणी करत नाही. पाटीवर नाव एकटं असतं, पण घरात ते कधीच एकटं नसतं. आजी विचारते "पोरगं कुठे गेलं?", आणि उत्तरात नावाला त, ला, वर, हून काहीतरी लागतंच. म्हणून प्रत्येक शब्द पाच-सहा वाक्यांत बोलून बघा, मोठ्यानं. "घरट्यात सोडून आले" छान वाटतं, पण पाटीवर घरटं आणि बोलताना घरट्यात असा शब्द बदलतो, हिंदीवाला मग घरटं में म्हणतो आणि अडखळतो. "पदरात सोडून आले" हे तर बोलताच येत नाही, पदरात घालतात. "झुल्यात" की "झुल्यावर" यावर ताईंच्या घरातच एकमत होईना, आणि इंग्रजीत Zula, Jhula, Jhoola, Zoola अशी चार स्पेलिंग झाली, म्हणजे गुगल मॅपवर शोधणारा चुकलाच. झुला हिंदी-मराठी दोघांना कळतो, खेळाचा आहे, पाळण्याचाही आहे, तरी या दोन कारणांनी मागे पडला.

अंगण यात पूर्ण पास होतं, अंगणात सोडलं, अंगणातून आणलं, आंगन में खेल रहा है. पण अंगण म्हटलं की बहुतेकांना अंगणवाडी आठवते आणि ताईंना महिन्याची फी घेऊन चालवायच्या प्लेस्कूलसाठी तो गोंधळ नको होता, शिवाय मे महिन्यात नागपुरात उघडं अंगण म्हणजे खेळायची जागा नव्हेच, दहा वाजल्यानंतर तिथे कोणी पाय ठेवत नाही.

मग राहिली ओसरी. खरं सांगायचं तर यादीत ती सुरुवातीपासून होती पण कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. "ओसरीत सोडून आले", "ओसरीवर खेळतोय", "ओसरीतून घेऊन ये जरा", प्रत्येक वाक्य आपण घरात आधीच कधीतरी बोललेलो आहोत असं वाटतं, शब्द बदलत नाही, फक्त पुढे त किंवा वर लागतो. हिंदीत "ओसरी में छोड़ के आया" तितकंच सरळ जातं, आणि हिंदी पट्ट्यातल्या माणसाला ओसारा हा शब्द माहीत असेल तर अर्थही लागतो. ओसरीला वर छप्पर असतं, एका बाजूला घराचं दार आणि दुसऱ्या बाजूला अंगण, दुपारी ऊन टळेपर्यंत पोरं तिथेच, सागरगोटे, बाहुल्या, भातुकलीची बोळकी पसरलेली आणि भिंतीला टेकून आजी तांदूळ निवडत बसलेली, हात सुपात आणि डोळे पोरांवर. पालकांनी विचारलेलं ते नजरेसमोर, ते हेच.

त्रास द्यायला एक म्हण आहे, भटाला दिली ओसरी वाली, आणि ती कोणीतरी म्हणणारच. अशा वेळी घाबरून शब्द टाकू नका, त्या म्हणीनं शब्दावर डाग पडतो का एवढं बघा. इथे म्हण जागा बळकावणाऱ्यावर आहे, ओसरीवर नाही, ओसरी बिचारी त्यात चांगलीच आहे. लिंबूटिंबूत डाग शब्दावरच होता, हा फरक आहे. दुसरं, पूर ओसरला, गर्दी ओसरली यातलं ओसरणं, ते क्रियापद आहे आणि पाटी वाचताना कोणाच्या मनात आलं नाही.

आवाज आणि लेकराची जीभ

शब्दाचा अर्थ मेंदूत जायच्या आधी आवाज पोचतो. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या मेंदू-संशोधकांनी लोकांना एक गुबगुबीत गोल आकार आणि एक टोकदार आकार दाखवून यातलं बूबा कोण आणि किकी कोण असं विचारलं, तर जवळपास सगळ्यांनी गोल आकाराला बूबा म्हटलं. ब, म, ल, न, व, ओ, ऊ हे गोल मऊ बाजूचे, क, ट, इ हे टोकदार बाजूचे. लहानग्यांच्या जागेसाठी शब्दाची सुरुवात तरी मऊ हवी. ओसरीतला ओ तोंड गोल करूनच निघतो, शेवटची री थोडी हलकी, उडी मारल्यासारखी. याच्यावर नाव ठरवू नका पण दोन शब्द बरोबरीला आले तर यानं निवाडा करा.

दुसरी गोष्ट, मुलांना ते म्हणता येतं का. प, ब, म, न, त, द हे आवाज लवकर येतात, र, ळ, श आणि जोडाक्षरं उशिरा. ओसरीत र आहे, म्हणजे दोन वर्षांचं पोर ओसली किंवा ओती म्हणणार, हे ताईंना आधीच सांगितलं. पण ओसली ऐकून घरात सगळ्यांना कळतं की काय म्हणतोय, मोडूनही शब्द ओळखू येतो तर चालतो. मोडल्यावर घाणेरडा किंवा भलताच शब्द होत असेल तर मात्र नको. Padar वाचणारा हिंदीभाषक पादर वाचतो आणि मग मोठी भावंडं हसत सुटतात, पदर त्यासाठीही गेला.

पालकांना दाखवायची पद्धत

"नाव आवडलं का" असं विचारायचंच नाही. आवडलं म्हणतातच लोक, तोंडावर कोण नाही म्हणेल. उरलेले दोन किंवा तीन शब्द घ्या, प्रत्येक माणसाला एकच शब्द दाखवा, सगळे दाखवले की तो तुलना करायला लागतो आणि पाटी वाचणारा तशी तुलना करत नसतो. शब्द सांगा, इथे दीड वर्षाची मुलं येतात एवढंच सांगा आणि विचारा, डोळ्यांपुढे काय आलं, तिथे आत्ता कोण आहे, मुलं काय करताहेत? गप्प बसा आणि ऐका. उत्तरात मोठं माणूस आपणहून आलं पाहिजे आणि खेळणारं मूलही आलं पाहिजे, दोन्ही आले तर शब्द काम करतोय. कुशी विचारल्यावर आई यायची पण मूल झोपलेलं असायचं, खेळ येतच नव्हता, वर हिंदीवाले खुशी ऐकायचे, ते वाईट नाही पण खुशी नावाच्या मुली प्रत्येक वर्गात असतात. झोका विचारल्यावर मूल हसत असायचं पण एकटं, आणि एका आईनं लगेच म्हटलं "धरायला कोण आहे?". ओसरीला आजी आणि पोरं एकत्र आली, बहुतेक वेळा.

फ्लॅटमध्येच वाढलेल्या दोन-तीन तरुण पालकांना ओसरी नीट माहीत नव्हती, हे लपवायचं कारण नाही. त्यांनी "गावाकडच्या घराचं काहीतरी ना?" असं म्हटलं. अर्धवट कळलं तरी चुकीचं कळलं नाही, हे पुरतं. ज्यांना काहीच कळलं नाही असे जर निम्म्याच्या वर निघाले असते तर मी हा शब्द सोडायला सांगितलं असतं.

शेवटची चाचणी जागेवरच करायची. गेटपाशी उभं राहून विचारा, नावातली गोष्ट बोटानं दाखवता येते का. ताईंकडे ती दाराबाहेरची ग्रिलवाली जागा आहे, तिथे सतरंजी अंथरली आणि बसायला एक बाई ठेवली की तीच ओसरी. पालक पाटी वाचतो, आत येतो, आणि नावातली वस्तू समोर दिसते, मग शंकाच उरत नाही. हेच नाव दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला लावलं तर पालक आल्या आल्या ओसरी शोधेल आणि त्याला लिफ्ट दिसेल. त्यामुळे तुमची जागा वेगळी असेल तर ओसरी उचलू नका, तुमच्या जागेतलं जे बोटानं दाखवता येतं तिथून सुरू करा, झाड असेल तर झाडाभोवतीचे शब्द, मोठी खिडकी असेल तर खिडकीचे.

कागदपत्रं, स्पेलिंग आणि पाटी

पाटी रंगवायच्या आधी आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर नावाचा पब्लिक सर्च करा. ट्रेडमार्कसाठी व्यवसायांचे क्लास पाडलेले असतात. बऱ्याच लोकांचं इथे अर्धंच काम होतं कारण ते फक्त क्लास ४१ बघतात. शिक्षण, नर्सरी स्कूल हे ४१ मध्ये येतं, पण पाळणाघर, डे-केअर हे क्लास ४३ मध्ये. तुम्ही दुपारनंतरही मुलं ठेवणार असाल तर दोन्ही बघा आणि अर्जही दोन्हीत करा. शोधताना शब्द देवनागरीत, इंग्रजीत आणि उच्चारावरून असा तिन्ही प्रकारे टाका, म्हणजे ओसरी, Osari, Osri, Osaree सगळे. नुसतं वर्णन करणारं नाव, जसं बालखेळ किंवा प्ले स्कूल, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये अडकतं कारण तो शब्द सगळ्यांचा आहे. ओसरी शाळेचं वर्णन करत नाही, म्हणून तिथे तिची बाजू बरी असते, पण आधी कोणी त्याच किंवा सारख्या वाटणाऱ्या नावानं अर्ज केला असेल तर दुसरा शब्द घ्या, भांडत बसू नका. एकट्या माणसाच्या नावावर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका क्लासला ४५०० रुपये आहे, नोंदणी झाली की दहा वर्षं चालते. अर्ज केल्यावर टीएमची खूण लावता येते, गोलातला आर मात्र नोंदणी हातात आल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे.

इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि सगळीकडे तेच, गुगल मॅप, व्हॉट्सअप, पावतीपुस्तक, मुलांच्या टीशर्टवर. Osari आणि Osri मध्ये ताईंनी Osari घेतलं कारण ज्यांना शब्द माहीत नाही तेही ते जवळपास बरोबर वाचतात, Osri मध्ये स आणि र चिकटतात.

आता पाटी. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर मराठी देवनागरीत लागते आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, तर देवनागरीच मोठी घ्या, नाव मराठीच आहे. पाट्यावाल्यांचा साधा हिशोब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येतं, म्हणजे साठ फुटांवरून स्कूटरवर येणाऱ्याला सहा इंच तरी हवं, आणि हे माप स, र या अक्षराच्या अंगाचं धरा, वरची मात्रा त्यात मोजू नका. फ्लेक्सवाल्याकडे जुने फॉन्ट असतात, त्यात दीर्घ ई ऱ्हस्व होऊन ओसरि छापलं जातं, त्यामुळे प्रूफ मोबाइलवर नाही, कागदावर मागा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. प्रत्येक अक्षराला वेगळा रंग आणि वरखाली उड्या मारणारी अक्षरं नकोत, तीन अक्षरांचा शब्द त्यात तुटतो आणि शिरोरेषा गेली की वाचताच येत नाही. शब्दात निर्धास्तपणा जास्त आणि खेळ थोडा कमी आहे असं पालकांशी बोलताना जाणवलं होतं, म्हणून खेळाची बाजू चित्रानं भरून काढायची, ताईंनी शब्दाखाली एक लाकडी चाकाची गाडी काढून घेतली, दोरी रीच्या वेलांटीला बांधलेली.

नावाखाली एकच ओळ ठेवा, "दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी", आणि फोन नंबर. बेस्ट, नंबर वन, इंटरनॅशनल, स्मार्ट यातलं काहीही त्या ओळीत घुसवलं की वरचा शब्द ऐकूच येत नाही. आणि फोन उचलणाऱ्या बाईला पहिल्या दिवसापासून "हॅलो" नाही, "ओसरी, बोला" असं म्हणायला शिकवा, समोरचा नाव परत कसं उच्चारतो ते ऐका, पहिला महिना हेच चुकतंय का बघत राहा, तेव्हाच स्पेलिंग किंवा पाटीत बदल करणं स्वस्तात होतं.